वर्गणी बंद करणारं दुसरं बटण

जर्मनीत ॲपची वर्गणी बंद करायला एक बटण पुरत नाही, दोन लागतात. पहिलं बटण अर्ज उघडतं आणि दुसरं तो अर्ज कंपनीकडे धाडतं. दोन्हींच्या मध्ये एक लांबलचक पान असतं. त्याच्या माथ्यावर 'कराराची समाप्ती' अशा अर्थाचं मोठं शीर्षक असतं, आणि ते शीर्षक पाहून काम झालं असं वाटतं. माणूस पान मिटतो, फोन खिशात टाकतो. दुसरं बटण त्या पानाच्या तळाशी तसंच राहतं आणि पुढच्या महिन्यात खात्यातून पैसे वळते होतात.

जर्मन येणाऱ्यालाही हे पान नीट वाचावं लागतं. ज्याचं जर्मन अजून 'गुटन टाग'च्या पुढे सरकलेलं नाही, त्याला तर कुठला शब्द कशासाठी आहे हेच कळत नाही. शिकायला आणि नोकरीला जर्मनीत जाणारी मराठी मुलं आता घरोघरी आहेत. कुशल कामगार पाठवण्यासाठी महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी 2024 मध्ये करारही केला. तिथे पोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच व्यायामशाळेचं ॲप, भाषा शिकवणारं ॲप, सिनेमे दाखवणारं ॲप अशा दोन-तीन वर्गण्या फोनवर जमा होतात. त्या सुरू करणं सोपं असतं, कारण तेव्हा चुकीचं बटण दाबलं तर कंपनीच पुन्हा योग्य जागी आणून सोडते. बंद करताना मात्र कोणी बोट धरत नाही.

कायद्यानं ठरवलेले शब्द

जर्मनीचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे, कारण तिथे या दोन बटणांवरची अक्षरं कायद्यात लिहिलेली आहेत. जर्मन नागरी संहितेत 312k हे कलम घालण्यात आलं आणि 1 जुलै 2022 पासून ते लागू झालं. ज्या प्रकारचा दीर्घ मुदतीचा करार वेबसाइटवरून करता येतो, तो वेबसाइटवरूनच मोडताही आला पाहिजे, असं हे कलम सांगतं. बँका आणि वित्तसेवा यांना त्यातून वगळलं आहे. बाकी बहुतेक सगळ्या मासिक-वार्षिक वर्गण्या त्यात येतात. करार 2022 च्या आधीचा असला तरी चालतो.

पहिल्या बटणावर 'Verträge hier kündigen' असं किंवा तितकंच स्पष्ट काहीतरी लिहिलेलं असलं पाहिजे. 'फेरट्रेगं हिअर क्युंडिगन' असा त्याचा साधारण उच्चार, आणि अर्थ 'करार इथे संपवा'. हे बटण वेबसाइटवर कायम हवं आणि सहज सापडायला हवं. ते दाबलं की अर्जाचं पान उघडतं. त्या पानावर दुसरं बटण, 'jetzt kündigen', म्हणजे 'आता संपवा'. इथेही तितक्याच स्पष्ट पर्यायी शब्दांची मुभा आहे. हे दुसरं बटण दाबल्यावरच कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही काही बोललात असं होतं. पहिलं बटण दाबून दहा वेळा पान उघडलं, तरी कंपनीच्या लेखी तुम्ही गप्पच असता.

इथे एक अडचण आहे. कायद्याचे शब्द वेबसाइटसाठी आहेत, आणि आपण वर्गणी बहुधा ॲपमधून वापरतो. ॲपच्या आत ही बटणं दिसतीलच असं नाही. दिसली तरी सेटिंग, खातं, सदस्यत्व, योजना बदला असे चार जिने उतरल्यावर दिसतात. म्हणून ॲपमध्ये वाट सापडली नाही, तर फोनच्या ब्राउझरमध्ये कंपनीची वेबसाइट उघडावी आणि थेट पानाच्या तळाशी जावं. तिथे बारीक अक्षरांत 'Impressum', 'AGB', 'Datenschutz' अशी ओळ असते. कंपनीचा पत्ता, अटी आणि खासगी माहितीचं धोरण यांचे ते दुवे. पहिलं बटण बरेचदा याच ओळीत बसलेलं असतं. त्याला बटणाचा आकार नसतो, रंग नसतो, म्हणून डोळा त्यावरून घसरतो. 'kündig' ही अक्षरं शोधायची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

या वाटेचा आणखी एक फायदा आहे. अर्जापर्यंत पोचण्यासाठी खात्यात शिरण्याची सक्ती कंपनीला करता येत नाही, असं जर्मन न्यायालयांनी सांगितलं आहे. पासवर्ड विसरला असला, जुना फोन हरवला असला, तरी नाव आणि ई-मेल देऊन करार संपवता येतो.

आधी पैशाची वाट पाहा

पण बटण शोधायच्या आधी एक गोष्ट तपासावी लागते. करार नक्की कोणाशी आहे? ॲपवर नाव एका कंपनीचं असतं आणि पैसे घेणारा दुसराच असतो. ॲप स्टोअरमधून वर्गणी सुरू केली असेल, तर ती बंद करायची सोय स्टोअरमध्येच असते. कंपनीच्या वेबसाइटवर अर्ज भरलात, तर 'आमच्याकडे तुमचं सदस्यत्व नाही' असं उत्तर येऊ शकतं, आणि पैसे मात्र जातच राहतात.

हे ओळखायला भाषा यावी लागत नाही. बँकेचं विवरण उघडावं आणि मागच्या महिन्याची ओळ पाहावी. तिथे 'APPLE.COM/BILL' असेल किंवा 'GOOGLE' या अक्षरांनी सुरुवात होत असेल, तर वर्गणी स्टोअरमधली आहे. तिथे खुद्द कंपनीचं नाव असेल, तर करार थेट कंपनीशी आहे. 'PayPal' असेल, तरी करार बहुधा कंपनीशीच असतो, पेपॅल फक्त पैसे पोचवतं.

स्टोअरमधली वर्गणी बंद करणं त्यातल्या त्यात सोपं, कारण ते पान फोनच्या भाषेत उघडतं. फोन जर्मनमध्ये असेल तर तो इंग्रजीत किंवा मराठीत करून घ्यावा, म्हणजे प्ले स्टोअरही त्या भाषेत बोलू लागतं. काम झाल्यावर फोन परत जर्मनमध्ये करता येतो. भाषा बदलायची नसेल, तर अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवावं, मग पैसे आणि वर्गण्यांच्या विभागात जावं. जर्मनमध्ये वर्गण्यांना 'Abos' म्हणतात. तिथे ॲप निवडून 'Abo kündigen' दाबायचं. आयफोनवर सेटिंगमध्ये सर्वांत वर आपलं नाव असतं, त्यात वर्गण्यांचं पान असतं आणि ॲप निवडलं की तळाशी बंद करण्याचा पर्याय असतो.

लपलेली पायरी इथेही आहेच. प्ले स्टोअर आधी बंद करण्याचं कारण विचारतं. कुठलंही कारण निवडलं तरी चालतं. मग 'Weiter', म्हणजे 'पुढे'. त्यानंतर एक लहान चौकट उघडते आणि खरंच बंद करायचं का असं पुन्हा विचारते. त्या चौकटीतही 'kündigen' शब्द असलेलं बटणच दाबावं लागतं. आयफोनवरही पहिल्या बटणानंतर तशीच चौकट येते आणि तिथे होकार द्यावा लागतो. चौकटीबाहेर बोट लागलं की ती निमूटपणे मिटते. कसलाच इशारा येत नाही आणि वर्गणी जशीच्या तशी राहते.

फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली, ही समजूत तर सर्वत्र आहे. तसं होत नाही. ॲप हे फक्त दार आहे. करार स्टोअरच्या किंवा कंपनीच्या वहीत असतो आणि तो तिथे जाऊनच संपवावा लागतो.

अर्जाच्या पानावर काय विचारतात

आता थेट कंपनीशी असलेल्या कराराकडे वळू. पहिलं बटण दाबल्यावर जे पान उघडतं, त्यावर काय विचारायचं हेही कायद्यानं ठरवून दिलं आहे. तुम्ही कोण, करार कुठला, समाप्ती कोणत्या प्रकारची, कधीपासून हवी, आणि पोच कुठल्या पत्त्यावर पाठवायची. या पाचांखेरीज अर्ज लांबवता येत नाही.

यातला प्रकाराचा प्रश्न नवख्याला गोंधळात टाकतो. तिथे 'ordentlich' आणि 'außerordentlich' असे दोन पर्याय असतात. पहिला म्हणजे नेहमीची, मुदत पाळून केलेली समाप्ती, तिला कारण द्यावं लागत नाही. दुसरा म्हणजे काही गंभीर कारणानं मुदतीआधीच करार मोडणं, आणि तिथे कारण लिहावं लागतं. सर्वसाधारण माणसाला पहिलाच पर्याय हवा असतो. दुसरा निवडून कारणाची जागा रिकामी ठेवली, तर अर्ज पुढे सरकत नाही.

तारखेच्या जागी 'zum nächstmöglichen Zeitpunkt' असा पर्याय असतो, म्हणजे 'शक्य तितक्या लवकरच्या तारखेपासून'. तोच निवडावा. स्वतः तारीख घातली आणि ती चुकून पुढची निघाली, तर तेवढे दिवस वर्गणी चालू राहते. तारीख दिलीच नाही, तर शंकेच्या वेळी सर्वांत लवकरची तारीख धरायची, असं कायदाही सांगतो.

ई-मेलचा पत्ता मात्र खात्याला जोडलेलाच द्यावा. दुसऱ्या पत्त्यावरून अर्ज आला, तर हे सदस्य कोण, हे कंपनीला जुळवता येत नाही आणि उलट प्रश्न विचारणारी मेल येते. तीही जर्मनमध्ये.

एवढं भरल्यावर पान खाली सरकवावं. लहान पडद्यावर दुसरं बटण कीबोर्डच्या मागे दडतं, म्हणून आधी कीबोर्ड मिटवावा. बटण दाबलं आणि पान जागचं हललं नाही, तर वर जाऊन पाहावं. एखादी आवश्यक जागा रिकामी राहिलेली असते, तिच्याभोवती लाल रेघ असते आणि 'Pflichtfeld' असं लिहिलेलं असतं. लाल रेघ वरच्या बाजूला आणि आपले डोळे खालच्या बटणावर, त्यामुळे बटण दाबलं म्हणजे अर्ज गेला असं वाटून जातं. पान बदललं नाही तर अर्ज गेला नाही, असंच धरावं.

एकसारखे दिसणारे शब्द

कॅमेरा धरून भाषांतर करणारी सोय आता प्रत्येक फोनमध्ये आहे, आणि ती वापरायला हरकत नाही. पण नेमक्या शेवटच्या चौकटीत ती दगा देऊ शकते. चौकटीत दोन बटणं असतात, 'Abbrechen' आणि 'kündigen'. भाषांतरात दोन्हींच्या जागी 'रद्द करा' येऊ शकतं. प्रत्यक्षात दोघांची दिशा उलट आहे. 'kündigen' करार संपवतं. 'Abbrechen' म्हणजे 'हे काम अर्धवट सोडा', म्हणजे तुम्ही जे करायला निघाला आहात तेच सोडून परत फिरा. वर्गणी रद्द करायला आलेला माणूस 'रद्द करा' वाचतो, 'Abbrechen' दाबतो आणि वर्गणी चालू ठेवून समाधानानं निघून जातो. इंग्रजी ॲपमध्येही हा घोळ होतोच, कारण तिथे दोन्हींना एकच शब्द आहे. जर्मनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. ही खरं तर सोय आहे, भाषांतरानं ती पुसली जाते. म्हणून भाषांतर वाचून झालं की मूळ अक्षरंही पाहावीत.

आणखी तीन शब्द असेच वाट चुकवतात. 'Pausieren' म्हणजे काही काळ थांबवणं. मुदत सरली की वर्गणी आपोआप पुन्हा सुरू होते. 'Konto löschen' म्हणजे खातं पुसून टाकणं. त्यानं तुमची माहिती जाते, पण पैसे स्टोअरमधून जात असतील तर वर्गणी तशीच राहते, आणि वर ती कोणाच्या नावावर आहे हे दाखवायला खातंही उरत नाही. 'Abo behalten' म्हणजे वर्गणी ठेवणं. ॲपमधल्या समाप्तीच्या वाटेवर हे बटण बहुधा मोठं, रंगीत आणि अंगठ्याच्या टप्प्यात असतं. खरं बटण त्याच्या खाली फिकट अक्षरांत असतं. काही ॲपमध्ये मध्येच तीन महिने निम्म्या दरानं देऊ करणारं पान येतं. ते स्वीकारलं की समाप्तीचा अर्ज तिथेच संपतो आणि नवा सौदा सुरू होतो. 'Angebot annehmen' म्हणजे देऊ केलेलं स्वीकारणं. नको असेल तर त्या बटणापासून दूर राहावं.

झालं की नाही, हे कशावरून ओळखायचं

पडद्यावर हिरवी खूण आली, 'धन्यवाद' आलं, 'तुमची आठवण येईल' आलं, यातलं काहीही पुरावा नव्हे. पुरावे दोन, आणि दोन्ही तपासायला फारशी भाषा लागत नाही.

पहिला पुरावा सदस्यत्वाच्या पानावरची तारीख. वर्गणी चालू असताना तिथे 'Verlängert sich am' किंवा 'Nächste Zahlung' असं लिहून तारीख असते, म्हणजे या दिवशी मुदत वाढेल, या दिवशी पुढचे पैसे जातील. समाप्ती नोंदली गेली की त्याच जागी 'Endet am' किंवा 'Läuft ab am' येतं, म्हणजे या दिवशी संपेल. तारीख बहुधा तीच राहते, तिच्या आधीचे शब्द बदलतात. म्हणून काम सुरू करण्याआधी त्या पानाचं एक चित्र घेऊन ठेवावं आणि काम झाल्यावर दुसरं. दोन चित्रं शेजारी ठेवली की बदल झाला की नाही हे जर्मनचा गंध नसलेल्यालाही दिसतं. बंद करायचं बटण नाहीसं होऊन त्या जागी पुन्हा सुरू करण्याचं बटण आलं, तर तीही चांगली खूण.

दुसरा पुरावा ई-मेल. समाप्तीचा मजकूर, तो मिळाल्याची तारीख आणि वेळ, आणि करार कोणत्या दिवशी संपणार, एवढं सगळं कंपनीनं लगेच लेखी कळवलं पाहिजे, अशी कायद्याची सक्ती आहे. शिवाय तुम्ही काय लिहून कुठल्या क्षणी बटण दाबलं, हे जपून ठेवता येईल अशी सोयही द्यावी लागते. मेलच्या विषयात 'Kündigungsbestätigung' असा लांब शब्द असेल आणि आत शेवटची तारीख असेल, तर काम झालं. मेल नको असलेल्या टपालाच्या कप्प्यातही पाहावी.

मेल आली म्हणजे मात्र ती वाचायला हवी. काही कंपन्या समाप्ती 'नोंदवून ठेवली आहे' एवढंच कळवत आणि ती पक्की करायला या क्रमांकावर फोन करा म्हणत. त्या मेलमध्ये 'Vormerkung' हा शब्द असे. फोनवर मग एखादा गोड बोलणारा माणूस नवी योजना गळ्यात मारायचा प्रयत्न करी. एका दूरसंचार कंपनीची ही रीत जर्मन न्यायालयात बेकायदा ठरली. बटण दाबलं की समाप्ती पोचली असंच मानायचं, वर फोन करायची गरज नाही. असा फोन करायला सांगणारी मेल आली, तर घाबरून फोन करण्याऐवजी लेखी उत्तर द्यावं.

मेल दोन दिवसांत आलीच नाही, किंवा बटणच सापडलं नाही, तर स्वतः मेल लिहावी. 1 ऑक्टोबर 2016 पासूनच्या करारांना साध्या ई-मेलनं दिलेली सूचना पुरते, सहीचं पत्र लागत नाही. कंपनीचा पत्ता 'Impressum'च्या पानावर मिळतो. मजकूर एवढाच:

```
Hiermit kündige ich meinen Vertrag zum nächstmöglichen Zeitpunkt.
Bitte bestätigen Sie mir den Eingang und das Vertragsende per E-Mail.
```

'मी माझा करार शक्य तितक्या लवकरच्या तारखेपासून संपवत आहे. ही सूचना मिळाल्याचं आणि करार संपण्याची तारीख कृपया ई-मेलनं कळवा,' असा याचा अर्थ. खाली पूर्ण नाव, खात्याची ई-मेल आणि असला तर ग्राहक क्रमांक लिहावा. ज्या कंपनीनं कायद्याप्रमाणे दोन बटणांची सोयच केलेली नाही, तिचा करार मुदतीची वाट न पाहता केव्हाही मोडता येतो, अशी शिक्षाही त्याच कलमात आहे.

चुकलं तर किती पडतं

समजा, एका विद्यार्थिनीनं 10 सप्टेंबर 2024 ला भाषा शिकवणाऱ्या ॲपची 12 महिन्यांची योजना थेट कंपनीकडून घेतली. दर महिन्याला 9.99 युरो, आणि अटींत एक महिन्याची पूर्वसूचना. करार 9 सप्टेंबर 2025 ला संपणार, म्हणजे सूचना 9 ऑगस्टपर्यंत पोचायला हवी. तिनं 5 ऑगस्टला पहिलं बटण दाबलं, अर्जाचं पान पाहिलं आणि मिटून टाकलं. मेल आली नाही, पण तिचंही लक्ष गेलं नाही. सप्टेंबरमध्ये मुदत संपल्यावरही पैसे गेले तेव्हा तिला कळलं.

जुन्या नियमांत कंपनीला करार आणखी वर्षभर वाढवता येत असे. म्हणजे एका न दाबलेल्या बटणापायी 119.88 युरो गेले असते. पण 1 मार्च 2022 पासून केलेल्या अशा करारांची पहिली मुदत संपल्यावर ते फक्त बेमुदत चालू राहू शकतात, आणि जास्तीत जास्त एक महिन्याची सूचना देऊन केव्हाही बंद करता येतात. तिनं 11 सप्टेंबरला दोन्ही बटणं दाबली, तर करार 11 ऑक्टोबरला संपतो. नुकसान साधारण महिनाभराचं, म्हणजे दहा युरोंच्या आसपास. उशीर कळला तरी त्याच दिवशी अर्ज करावा, तो यासाठी. 'आता वर्ष गेलंच' म्हणून सोडून दिलं, तर दर महिन्याला तेवढंच जात राहतं.

पैसे अडवणं म्हणजे करार संपवणं नव्हे

भारतातून गेलेल्या माणसाची इथे आणखी एक सवय आडवी येते. आपल्याकडे यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन ऑटोपेची परवानगी काढून घेतली की पैसे जाणं थांबतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे प्रत्येक वजावटीच्या निदान 24 तास आधी सूचना येते आणि तेव्हाही नकार देता येतो. ॲप इंग्रजीत असो की कोरियनमध्ये, दोरी आपल्या हातात असते. वर्गणीतून बाहेर पडणं मुद्दाम अवघड करून ठेवण्याला तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचनांच्या यादीत घातलं आहे.

जर्मनीतही बँकेकडून पैसे परत मागवता येतात. खात्यातून थेट वळती झालेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत, कारण न देता परत घेता येते. पण करार जिवंत असेल तर कंपनीचं येणं उभंच राहतं. मग आधी 'Mahnung', म्हणजे थकबाकीचं स्मरणपत्र येतं, त्यावर शुल्क चढतं, आणि पुढे वसुली करणाऱ्या संस्थेचं पत्र येतं. थकबाकीची नोंद 'शूफा' या पत-नोंदणी संस्थेपर्यंत पोचली, तर भाड्यानं घर मिळवताना त्रास होतो, कारण घरमालक तिचा दाखला मागतात. दहा युरोंची वर्गणी अडवायला जाऊन घर हातचं जाऊ शकतं. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी करार संपवायचा, समाप्तीची मेल मिळवायची, आणि तिच्यातल्या तारखेनंतरही पैसे गेले तरच बँकेकडे जायचं. तेव्हा ती मेल हाच पुरावा असतो. कंपनी ऐकतच नसेल, तर 'फरब्राउखरत्सेंट्राल' ही ग्राहक सल्ला केंद्रं प्रत्येक राज्यात आहेत. तिथे चित्रं आणि मेल घेऊन जाता येतं.

दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या लिपीत बटणांवरची अक्षरं वेगळी असतील आणि जर्मनीसारखा कायदाही नसेल. पण उलट तपासणी तीच राहते. पैसे कोण घेतो ते बँकेच्या ओळीवरून ठरवायचं, सदस्यत्वाच्या पानाचं आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून पाहायचं, आणि शेवटची तारीख सांगणारी मेल हातात येईपर्यंत अर्ज गेला असं मानायचं नाही. मेलमधल्या त्या तारखेनंतरचा पहिला वजावटीचा दिवस फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकावा आणि त्या दिवशी बँकेचं विवरण उघडावं. तिथे त्या नावाची नवी ओळ नसली, की वर्गणी खरोखर बंद झाली.